खाच फळीच्या मापाची

पुस्तकांचे कपाट करून घेतले की दोन-तीन वर्षांत त्यात एक दोष बहुतेक घरांमध्ये दिसू लागतो. मधली एखादी फळी एका टोकाला जराशी उतरते, उभ्या बाजूशी तिची बारीक फट पडते आणि जाड पुस्तक परत ठेवताना कपाट करकरते. प्लाय हलकी वापरली असेल असे आपण म्हणतो. पण कित्येकदा प्लाय चांगलीच असते, सांधा मात्र नसतोच. आडवी फळी दोन उभ्या बाजूंच्या मध्ये टेकवून बाहेरून स्क्रू किंवा चुका मारलेल्या असतात. तो स्क्रू प्लायच्या कडेत, म्हणजे तिच्या थरांच्या मध्ये शिरतो. थर थोडे फाकतात, पकड सुटत जाते आणि सगळे ओझे त्या दोन-तीन स्क्रूंच्या दांड्यांवर येते.

ओझेही कमी नसते. दोनशे पानांचे साधे मराठी पुस्तक पाव किलोच्या आसपास भरते आणि सव्वा सेंटिमीटर जागा घेते. अडीच फुटांची फळी अशा पुस्तकांनी भरली की पंधरा किलो सहज होतात. गुळगुळीत कागदाची मासिके किंवा कोशांचे खंड ठेवले तर त्याहून बरेच जास्त. हे वजन रात्रंदिवस, वर्षानुवर्षे तिथेच असते.

यावरचा उपाय जुना आहे आणि साधा आहे. उभ्या बाजूच्या आतल्या अंगाला, लाकडाच्या रेषांना आडवी अशी चौकोनी खाच पाडायची आणि फळीचे टोक त्यात बसवायचे. पॉवर टूल विकणारे आणि व्हिडिओ करणारे हिला डॅडो म्हणतात, आपले मिस्त्री नुसते खाच म्हणतात. खाच पाडली की फळी स्क्रूला लटकत नाही, खाचेच्या खालच्या ओठावर बसते. कपाटाची खोली २५० मिमी असेल तर त्या २५० मिमीभर तिला सलग आधार मिळतो. वरून सरसाला तळ आणि दोन भिंती मिळतात, त्यामुळे फळी मागे-पुढे किंवा वर-खाली हलायला जागाच राहत नाही.

खोली किती ठेवायची याचा हिशेब सोपा आहे: बाजूच्या जाडीच्या एक तृतीयांश. अठराच्या आसपास जाडी असेल तर ६ मिमी. त्याहून खोल गेल्याने मजबुती वाढत नाही, उलट उभी बाजूच त्या रेषेवर कमजोर होते. खरे कसब खोलीत नाही, रुंदीत आहे. खाच अर्धा मिलिमीटर रुंद झाली तर फळी डुलते, पाव मिलिमीटर अरुंद झाली तर आत जातच नाही. सगळा लेख या रुंदीविषयी आहे असे म्हटले तरी चालेल.

दुकानात आपण ‘पाऊण इंची’ किंवा ‘सहा सुती’ प्लाय मागतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे सहा सूत म्हणजे १९ मिमी झाले. दुकानदार देतो त्या शीटवर १८ किंवा १९ छापलेले असते. घरी आणून व्हर्निअर कॅलिपर लावला की वेगळाच आकडा दिसतो. या लेखासाठी जे कपाट डोळ्यांसमोर ठेवले आहे त्याची प्लाय १८ची म्हणून घेतलेली आहे आणि पाच-सहा ठिकाणी मोजल्यावर जाडी १७.५ ते १७.७ येते, म्हणजे १७.६ धरायची. यात फसवणूक आहेच असे नाही. प्लायच्या मानकातच जाडीला थोडी सूट दिलेली असते आणि एका गठ्ठ्यातली शीट दुसऱ्या गठ्ठ्यातल्या शीटशी तंतोतंत जुळत नाही. आता १८ मिमीचे राउटर बिट लावून एका फेऱ्यात खाच मारली तर ०.४ मिमी फट राहील. ऐकायला ही फट क्षुल्लक वाटते, पण पांढरा सरस फट भरून काढणारा पदार्थ नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना भिडलेले असतील तेव्हाच तो धरतो. फट असली की तो वाळताना आकसतो, त्याचा ठिसूळ पापुद्रा होतो आणि त्या जागी सांधा आहे असे फक्त दिसते.

म्हणून खाचेचे माप टेपवरून घ्यायचे नाही, बिटावर छापलेल्या आकड्यावरूनही नाही. जी फळी त्या खाचेत बसणार आहे तिच्याच तुकड्यावरून घ्यायचे. राउटर असो, हातातले सर्क्युलर सॉ असो की साधी करवत, हे तत्त्व बदलत नाही.

त्याला जोडूनच दुसरी गोष्ट येते: खाच पाडायच्या आधी फळी पूर्ण तयार हवी. आपल्याकडे प्लायवर एक मिलिमीटरचा सनमायका दोन्ही अंगांनी चिकटवायची पद्धत आहे. तो चिकटवला की १७.६ची फळी १९.६च्या पुढे जाते, सरसाच्या थराचे थोडे आणखी वेगळे. खाच आधी पाडून नंतर सनमायका लावला तर फळी आत जाणार नाही. उलट व्हीनिअर किंवा उघड्या लाकडाची फळी खाच पाडल्यावर पॉलिश पेपरने घासली तर तेवढीच ती सैल होते. म्हणून आधी सनमायका किंवा घासकाम, मग मोजमाप, मग खाच. खाचेच्या आत मात्र सनमायका, पॉलिश, सीलर काही नको. सरसाला उघडे लाकूडच लागते.

आता कपाट ठरवू. बाहेरून रुंदी ८०० मिमी, बाजूंची उंची १२०० आणि खोली २५०. बाजू १७.६ जाडीच्या असल्याने दोन बाजूंच्या मधले अंतर ८०० वजा ३५.२, म्हणजे ७६४.८ मिमी उरते. दोन्हीकडच्या खाचा मिळून १२ मिमी मिळवले की ७७६.८ होतात. फळी त्यापेक्षा जराशी आखूड, ७७६ मिमी कापायची. हा पाऊण मिलिमीटर मुद्दाम सोडलेला आहे. फळी खाचेच्या तळाला टेकली तर जादा सरसाला जायला जागा राहत नाही आणि शिकंजा कितीही आवळला तरी बाजूची कड फळीला भिडत नाही. फळ्या कापताना प्लायच्या वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीच्या दिशेने याव्यात. प्लाय त्या दिशेने जास्त ताठ असते.

लांबीचा मोह इथेच आवरलेला बरा. खाच टोके धरते, मधला झोक थांबवत नाही. पुस्तकांनी गच्च भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली तर झोक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. या जाडीच्या प्लायला पाऊण मीटर लांबी मानवते. नऊशेच्या पुढे जायचे असेल तर मध्ये उभा आधार घ्यावा किंवा फळीच्या पुढच्या कडेला खालून जाड पट्टी द्यावी.

दोन्ही बाजूंच्या खाचा समोरासमोर, एकाच उंचीवर यायला हव्यात. नाहीतर फळी तिरकी बसते आणि कपाट जमिनीवर डगमगते. यासाठी दोन बाजू वेगळ्या न कापता ५१० मिमी रुंदीचा एकच पाटा घ्यावा, त्यावर सगळ्या खाचा आरपार पाडाव्यात आणि नंतर तो मधोमध उभा चिरून दोन बाजू कराव्यात. दोन्ही बाजू २५०च्या, उरलेले करवतीच्या पात्यात आणि रंध्याखाली जातात. खाच एकच होती, तिचे दोन तुकडे झाले, त्यामुळे चुकायला वावच राहत नाही. बाजू आधीच कापून झाल्या असतील तर त्या मागची कड मागच्या कडेला लावून शेजारी ठेवाव्यात आणि शिकंज्यांनी एकत्र बांधून एकदमच खाच मारावी.

आखणी करताना सगळी मापे पाट्याच्या खालच्या टोकापासून घ्यायची. एका खाचेपासून पुढच्या खाचेचे माप घेत गेले की प्रत्येक वेळची छोटी चूक साचत जाते. आपल्या कपाटात खाचांच्या खालच्या कडा ६०, ४००, ६८० आणि ९४० मिमीवर येतात. त्यामुळे तळाच्या कप्प्यात ३२२ मिमी उंची मिळते, कोश आणि नकाशांची पुस्तके तिथे राहतात. त्यावरच्या २६२च्या कप्प्यात दिवाळी अंक उभे राहतात आणि वरच्या दोन कप्प्यांत साडेआठ इंची उंचीची नेहमीची पुस्तके बसून वर बोट घालायला जागा उरते. सर्वांत वरची फळी खाचेत नाही, ती बाजूंच्या डोक्यावर बसते. टोकाला अगदी जवळ पाडलेल्या खाचेच्या वरचे लाकूड सहज तुटते.

रेघ पेन्सिलीने नको, गुण्या लावून धारदार कटरने मारावी. कटर दोन-तीनदा फिरवला की प्लायचा वरचा पातळ थर स्वच्छ कापला जातो. खाच या थराच्या रेषांना आडवी जात असल्यामुळे मशीनचे पाते त्याच्या चिळफ्या उडवते. थर आधीच कापलेला असला तर चिळफी रेघेपाशी थांबते. पाते पाट्यातून बाहेर पडते त्या कडेला टाकाऊ लाकडाची पट्टी शिकंज्याने घट्ट लावायची, म्हणजे फाटले तर ती पट्टी फाटते.

राउटरचे काम एका साध्या साच्यावर चालते आणि हा साचा समजला की बाकी सगळे सोपे आहे. बिट फळीपेक्षा अरुंद घ्यायचे, १२ मिमीचे सरळ बिट उत्तम. खाच दोन फेऱ्यांत होणार आहे, एका फेऱ्यात एक भिंत, दुसऱ्यात दुसरी. साच्यासाठी ६ मिमी प्लायच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, लांबी ७०० आणि रुंदी २०० मिमी. प्रत्येक पट्टीच्या एका लांब कडेवर १८ची, साठेक मिमी रुंद, अगदी सरळ पट्टी चिकटवून स्क्रू मारायची. हिला कठडा म्हणू. सरस वाळला की राउटरचा तळवा कठड्याला टेकवून मशीन एकदा पूर्ण फिरवायचे. बिटाच्या पलीकडे बाहेर आलेली ६ मिमीची प्लाय कापली जाते. उरलेली कड म्हणजे त्या राउटरचे ते बिट नेमके जिथे कापते ती रेघ. दुसऱ्या पट्टीचेही तसेच करायचे. आता बिटापासून तळव्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजत बसायची कधीच गरज नाही. साच्याची कड रेघेवर ठेवली की खाच रेघेवरच येणार. बिट बदलले तर मात्र साचा नवा करावा लागतो, म्हणून पट्टीवर बिटाचे माप लिहून ठेवावे.

पहिल्या पट्टीची कड कटरने मारलेल्या खालच्या रेघेवर ठेवून दोन्ही टोकांना शिकंजे लावायचे. तिच्या कडेला फळीचा टाकाऊ तुकडा कडेवर उभा करायचा. हा तुकडा पाट्याइतका लांब असला तर फार चांगले. मग दुसरी पट्टी सरकवत आणून त्या तुकड्याला टेकवायची आणि बांधायची. तुकड्याशेजारी झेरॉक्सच्या कागदाची एक लांब पट्टी अडकवायची. तिची जाडी साधारण ०.१ मिमी असते आणि सरस लावल्यावर फळी आत जायला तेवढी सवलत पुरते, कारण सरसातल्या पाण्याने लाकूड लगेच थोडे फुगते. तुकडा आणि कागद काढून घेतले की दोन पट्ट्यांमध्ये उरलेली फट ही तुमच्या खाचेची रुंदी. कुठेही आकडा लिहिला नाही, तरी १७.७ आले.

खोली लावतानाही मोजपट्टी लागत नाही. राउटर साच्यावर ठेवून बिट खाली पाट्याला टेकवायचे, तिथे शून्य धरायचे. मग खोलीच्या अडणीखाली ६ मिमी ड्रिल बिटाची दांडी ठेवून अडणी पक्की करायची. साच्याच्या प्लायची जाडी यात आपोआप धरली जाते. ६ मिमी एका दमात काढायचे नाहीत. आधी ३, मग पुढचे ३. सुतारांकडे असतो तो छोटा ट्रिमर वापरत असाल तर तीन फेरे करा. त्याची ६ मिमीची दांडी जास्त ताणली की बिट थरथरते आणि भिंती लाटेसारख्या होतात.

राउटर कोणत्या दिशेने ढकलायचा हे फार जणांना कोणी सांगितलेले नसते. बिट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. त्यामुळे मशीन आपल्यापासून पुढे ढकलताना ते डावीकडे सरकू पाहते. म्हणून पुढे जाताना डावा कठडा धरायचा आणि मागे येताना उजवा. या क्रमाने मशीन प्रत्येक वेळी कठड्याला स्वतःच चिकटून राहते. उलट क्रमाने गेलात तर ते कठड्यापासून सुटायला बघते, क्षणभर हात सैल झाला की खाचेच्या भिंतीत खड्डा पडतो. मशीन सुरू करून पूर्ण वेग आल्यावरच बिट लाकडात न्यायचे, थांबल्यावरच उचलायचे. चालीचा अंदाज आवाज आणि वासावरून येतो. जळका वास आला, भिंत तपकिरी झाली, तर चाल फार हळू आहे किंवा बिट बोथट आहे. मशीनचा आवाज खाली बसला तर फार घाई होते आहे.

बिट बदलण्यापूर्वी वायर प्लगमधून काढलेली असावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. बिटाची दांडी कॉलेटमध्ये पूर्ण घालून दोन-तीन मिमी मागे ओढायची आणि मग आवळायची. तळाला टेकलेली दांडी चालू असताना सैल होऊ शकते. चष्मा आणि मास्क हवेतच. प्लायच्या भुश्यात लाकडाबरोबर चिकटद्रव्याची राळही असते आणि ती फुप्फुसात जाऊ नये.

राउटर नसेल तर अडून बसायचे कारण नाही. हातातल्या सर्क्युलर सॉने हीच खाच पडते आणि साचाही तोच चालतो, फक्त पट्टीची कड राउटरऐवजी या करवतीने कापून घ्यायची. पाते ६ मिमी खोल लावायचे, एका पट्टीला धरून पहिली भिंत कापायची. दुसरी पट्टी उलट फिरवून ठेवायची आणि पाट्याच्या पलीकडच्या अंगाने येऊन दुसरी भिंत कापायची. अशाने पात्याची जाडी दोन्ही वेळा खाचेच्या आत पडते. हे विसरले की खाच पात्याच्या जाडीएवढी, म्हणजे दोन-तीन मिमी रुंद होते, आणि नवख्यांची खाच बहुतेक वेळा इथेच वाया जाते. दोन भिंती झाल्या की मधल्या भागात शेजारी-शेजारी चार-पाच चिरे मारायचे. लाकडाच्या पातळ उभ्या पाकळ्या उरतात, त्या पटाशीने तुटतात. मग पटाशी सपाट बाजूने खाली धरून तळ साफ करायचा.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. बऱ्याच साइटवर ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावून असली कामे केली जातात. ग्राइंडर त्या पात्यासाठी बनलेला नाही. त्याचा वेग जास्त असतो, त्याला खोलीची अडणी नसते आणि पाते लाकडात अडकले की तो मागे उसळतो. बोटे आणि चेहरा दोन्ही त्याच्या वाटेत असतात. असे करणाऱ्या मिस्त्रीला थांबवावे, काम एक दिवस उशिरा झाले तरी चालेल.

वीज न वापरता करायचे तर टेनन सॉ घ्यावी, म्हणजे पाठीवर धातूची पट्टी असलेली बारीक दात्यांची करवत. खालच्या रेघेवर सरळ लाकडी ठोकळा शिकंज्याने बांधायचा आणि करवत त्याला टेकवून चालवायची, म्हणजे ती उभीच राहते. करवतीच्या पात्यावर दातांपासून ६ मिमीवर चिकटपट्टी लावली की कुठे थांबायचे ते दिसते. दुसरी रेघ फळीचा तुकडा पहिल्या रेघेवर ठेवून त्याच्या पलीकडच्या कडेने कटर फिरवून मारायची. करवत नेहमी रेघेच्या आतल्या, टाकाऊ अंगाला. लाकूड काढताना पटाशी दोन्ही कडांकडून मध्याकडे चालवायची. एकाच बाजूने आरपार नेली तर पलीकडची कड फुटते. शेवटी तळ सारखा आहे का ते तपासायला एका पट्टीतून स्क्रू ठोकून त्याचे टोक ६ मिमी बाहेर ठेवावे. ही पट्टी पाट्यावर आडवी टेकवून खाचेतून सरकवली की जिथे स्क्रू अडतो तिथे लाकूड शिल्लक आहे. हाताने एका खाचेला बराच वेळ लागतो, पण सागाच्या भरीव लाकडात अशी खाच पाडताना मिळणारी स्वच्छ भिंत मशीनच्या तोडीची असते.

भरीव लाकूड घेतले तर ऋतूचा विचार करावा. कोकणात मे महिन्यात जेमतेम बसणारी सागाची फळी जुलैमध्ये आत जात नाही, कारण दमट हवेत तिची जाडीही थोडी वाढते. सगळ्या खाचा पाडून जोडणी महिनाभर लांबवू नये. जोडल्यावर मात्र या सांध्यात लाकूड एकमेकांशी भांडत नाही. उभ्या बाजूच्या आणि आडव्या फळीच्या रेषा अशा येतात की दोन्ही कपाटाच्या खोलीच्या दिशेनेच फुगतात आणि आकसतात.

पहिली खाच कधीही खऱ्या पाट्यावर पाडू नये. त्याच प्लायच्या टाकाऊ तुकड्यावर पाडावी आणि फळी बसवून पाहावी. तळहाताच्या दाबाने फळी बहुतेक आत जावी आणि शेवटचा भाग रबरी हातोडीच्या दोन-तीन ठोक्यांत बसावा. मग खाच खाली करून तुकडा उचलला तर फळी आपल्या वजनाने गळून पडू नये, पण हाताने ओढल्यावर निघावी. ठोके घालत घालतच बसवावी लागली तर ती खाच घट्ट आहे. सरस लागल्यावर ती अर्ध्यावर अडकेल, मग ना आत जाईल ना बाहेर येईल.

एका टोकाला नीट आणि दुसऱ्या टोकाला सैल बसत असेल तर साच्याच्या पट्ट्या समांतर नव्हत्या. फळीचा तुकडा खाचेतून पुढून मागे सरकवला की हे लगेच हाताला कळते. फळी सगळीकडे सारखीच अडत असेल तर खाचेच्या भिंती घासायच्या नाहीत, फळीच्या टोकाची खालची बाजू पॉलिश पेपर ठोकळ्यावर गुंडाळून थोडी उतरवायची. ही जागा खाचेत लपते, त्यामुळे कोणाला दिसत नाही. खाच सैल झाली असेल तर सरसात भुसा कालवून भरणे हा उपाय नव्हे. तो लगदा फट झाकतो, ओझे पेलत नाही. व्हीनिअरची पट्टी कापून फळीच्या टोकाला वरून चिकटवावी, वाळू द्यावी आणि मग घासून बेताची करावी. पट्टी वरच्या अंगाला लावायची, कारण फळीची खालची बाजू खाचेच्या ओठावर थेट टेकलेली हवी.

जोडणीआधी एकदा सरस न लावता सगळे कपाट उभे करून पाहावे. मग एक बाजू खाचा वर करून जमिनीवर ठेवायची, पंखा बंद करायचा, कारण उन्हाळ्यात सरस पाच-सात मिनिटांत साय धरतो. चारही खाचांच्या तळाला आणि भिंतींना ब्रशने पातळ थर द्यायचा, फळ्या उभ्या बसवायच्या आणि वरून दुसरी बाजू ठेवायची. इथे दोन माणसे हवीत. एकाने वरच्या बाजूच्या खाचा फळ्यांवर एकेक करून बसवाव्यात, दुसऱ्याने फळ्या सरळ धराव्यात. लांब शिकंजे नसतील तर प्रत्येक फळीला बाहेरून दोन स्क्रू मारावेत. हे स्क्रू सरस वाळेपर्यंत सांधा आवळून धरायला आहेत, ओझे खाचच घेणार आहे. आवळल्यावर लगेच कपाटाचे दोन्ही कर्ण मोजायचे. एक लांब भरला तर लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा लावून हलके दाबायचे, दोन्ही सारखे होईपर्यंत. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने लगेच पुसावा, वाळल्यावर त्या जागी पॉलिश चढत नाही.

शिकंजे तीन-चार तासांनी काढता येतात, पुस्तके मात्र दुसऱ्या दिवशीच ठेवावीत. त्याआधी मागे ६ मिमीची प्लाय ठोकावी. खाच फळीला खाली उतरू देत नाही, पण अख्खे कपाट तिरके झुकण्यापासून ही पाठच वाचवते. पुढून प्लायचे थर आणि खाचांची चौकोनी टोके दिसतात. त्यावर सागाची बारीक पट्टी, जिला मिस्त्री लिपिंग म्हणतात, चिकटवली आणि रंध्याने सपाट केली की दोन्ही झाकले जाते, त्यामुळे खाच पुढून थोडी आधी थांबवण्याची खटपट करावी लागत नाही. घरात लहान मुले असतील तर वरची फळी एका लोखंडी कोनाने भिंतीला पक्की करावी, कारण भरलेले कपाट मजबूत असले तरी मुलाने खालच्या कप्प्यावर पाय दिला तर ते पुढे येऊ शकते.